‘त्याच्या’ म्हणजे नक्की कोणाच्या?

> ‘रमेशने सुरेशला त्याच्या घरी सोडले.’ यात घर कोणाचं? आणि ‘येताना’सारख्या शब्दांचं काय करायचं?

प्रमाण मराठीत कर्त्याची वस्तू असेल तर ‘आपला’ येतो, म्हणून ‘त्याच्या’ वाचल्यावर आधी सुरेशचं घर डोळ्यांसमोर येतं. पण ते तिसऱ्याच कोणाचंही असू शकतं. ‘आपल्या घरी’ केलं तर लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं घर असाही अर्थ निघतो. रमेशचं घर असेल तर सरळ ‘स्वतःच्या घरी’ लिहा. सुरेशचं असेल तर मी नाव पुन्हा घेतो: ‘रमेशने सुरेशला सुरेशच्याच घरी सोडले.’ पुनरुक्ती चालेल, संदिग्धता नको.

‘येताना’ची अडचण वेगळी आहे. ‘मी मुलीला शाळेतून येताना पाहिले.’ कोण येत होतं? ‘येताना’ला लिंग नाही, वचन नाही, त्यामुळे त्याच्या रूपावरून काहीच कळत नाही. कर्ता त्याला चिकटवा आणि ‘असताना’ करा: ‘मुलगी शाळेतून येत असताना मी तिला पाहिले’ किंवा ‘मी शाळेतून येत असताना मला मुलगी दिसली’. नुसता शब्द पुढेमागे सरकवून हे नेहमी सुटत नाही. ‘शाळेतून येताना मी मुलीला पाहिले’ यात झुकाव ‘मी’कडे जातो, एवढंच.