मदत हवी आहे: अहवालात भर घातली तरी एआयचा टक्का वाढला, काटछाट केली तरी वाढला. असं कसं?

खाडीकाठ (ऐरोली)

नमस्कार. मी एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाणे खाडीतल्या मासेमारीवर क्षेत्रकार्याचा इंग्रजी अहवाल लिहिला आहे. दिवा कोळीवाड्यातल्या लोकांशी बोलून, भरती-ओहोटीच्या वेळा बघून, सगळं माझ्या हातचं आहे. अट अशी की तक्ता आणि संदर्भसूची सोडून किमान १५०० शब्द हवेत, आणि कॉलेजच्या एआय डिटेक्टरमध्ये २० टक्क्यांच्या खाली यायला हवं.

पहिला मसुदा ११५० शब्दांचा होता. त्यावर १४ टक्के आले. शब्द कमी पडत होते म्हणून पाणथळ जागांचं महत्त्व, प्रदूषणाचे परिणाम, निष्कर्ष असा मजकूर घातला. काही वाक्यं मुलाखतींच्या अधेमधे जोडणीसाठीही घातली. १५३० शब्द झाले आणि टक्के झाले ४१. त्यात मुलाखतींचे दोन परिच्छेदही एआयचे म्हणून रंगवून आले, जे पहिल्या मसुद्यात जसेच्या तसे होते आणि तेव्हा रंगले नव्हते! मग मैत्रीण म्हणाली, रंगलेला भाग काढ आणि पसाराही कमी कर. मी ते दोन परिच्छेद आणि वहीतल्या काही नोंदी काढल्या. १०५० शब्द उरले, तर टक्के ५१.

मी एआय वापरलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक मॅडमना भेटायचं आहे. हा आकडा नक्की कशावर हलतो हे मला त्यांना नीट सांगता यायला हवं. कृपया समजावून सांगा.

समीर_घणसोली

साधं आहे. लांबी वाढली की स्कोअर खाली येतो, मजकूर छोटा असला की डिटेक्टर गोंधळतो. माझ्या भावाचा निबंध छोटा असताना ८० दाखवत होता, मोठा केल्यावर ३० वर आला. तू २००० शब्दांपर्यंत ने, आपोआप उतरेल.

खाडीकाठ

पण समीरदादा, मी ११५० वरून १५३० वर नेला तेव्हा तर वाढला ना?

कळव्याचे काका

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी मी मराठीत लेख लिहिला. सचिवांच्या मुलाने तो एका फुकटच्या संकेतस्थळावर टाकला आणि म्हणे ९० टक्के यंत्राने लिहिलेला. मी चाळीस वर्षं पत्रं लिहितो आहे. तुझ्या अहवालातले उतारे कुठल्या पुस्तकाशी जुळत असतील तर अवतरणचिन्हं घाल, टक्का कमी होईल.

ग्रंथपाल_ठाणे

काका, पुस्तकाशी जुळणं ही वेगळी तपासणी, तिचा टक्काही वेगळा. अवतरणचिन्हांनी हा आकडा हलत नाही. आणि बरीचशी डिटेक्टरं मराठीसाठी बनवलेलीच नाहीत, तेव्हा तुमच्या लेखावरचा तो आकडा मनावर घेऊ नका.

खाडीकाठ, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, असे अहवाल रोज माझ्यासमोर येतात. आधी एवढंच बघ की टक्का म्हणजे भागाकार आहे. वर रंगलेले शब्द, खाली तपासलेले एकूण शब्द. तुझे तिन्ही मसुदे यात बसवून बघू.

पहिला: ११५० चे १४ टक्के म्हणजे साधारण १६० शब्द रंगलेले. तो बहुधा प्रस्तावनेचा परिच्छेद असणार, बघून सांग. दुसरा: १५३० चे ४१ टक्के म्हणजे जवळपास ६३० शब्द. म्हणजे आधीचे १६०, नव्याने घातलेले ३८० जवळजवळ सगळे, आणि वर ९० शब्द तुझ्या मुलाखतींचे. तिसरा: १०५० चे ५१ टक्के म्हणजे ५४० च्या आसपास. म्हणजे रंगलेले शब्द ६३० वरून ५४० वर उतरले, कमीच झाले. पण तू एकूण ४८० शब्द काढलेस आणि त्यातले फक्त ९० रंगलेले होते. उरलेले ३९० स्वच्छ होते, म्हणजे वहीतल्या नोंदी. छेद एवढा आकसल्यावर टक्का चढणारच.

समीर म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. स्वच्छ मजकुराची भर घातली तर टक्का उतरतो. रंगणारीच भर घातली तर चढतो. नुसत्या लांबीला दिशा नसते.

खाडीकाठ

हो, प्रस्तावनाच होती! ताई, हे गणित कळलं. पण ते ९० शब्द? ते तर बदललेच नव्हते. एका काकूंनी निवटी कशी पकडतात ते सांगितलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत इंग्रजीत आणलं होतं.

निखिल_कोपरखैरणे

मी भाषेच्या मॉडेलांवर काम करतो, हा प्रश्न माझ्या वाट्याचा आहे.

बरीच डिटेक्टरं एकेक वाक्य सुटं तपासत नाहीत. काहीशे शब्दांचा तुकडा घेतात, त्याला गुण देतात, मग थोडं पुढे सरकून पुढचा तुकडा घेतात. तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एकच वाक्य अनेक तुकड्यांत येतं, आणि त्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी म्हणजे त्या वाक्याचा गुण. पहिल्या मसुद्यात काकूंच्या परिच्छेदाच्या अलीकडे-पलीकडे तुझ्याच नोंदी होत्या. दुसऱ्यात तू मधे जोडवाक्यं घातलीस आणि लगेच पुढे प्रदूषणाचा मजकूर आला. आता त्या परिच्छेदाचा जवळजवळ प्रत्येक तुकडा अर्धा गुळगुळीत मजकुराचा झाला. वाक्य तेच राहिलं, शेजार बदलला.

गुळगुळीत म्हणजे काय तेही सांगतो. मॉडेलला पुढचा शब्द कितपत आधीच ओळखता येतो, हा या तपासणीतला एक मोठा धागा. 'पाणथळ जागा परिसंस्थेत महत्त्वाची भूमिका बजावतात' या धर्तीच्या इंग्रजी वाक्यात दर शब्द ओळखता येतो, कारण असं वाक्य लाखो ठिकाणी आहे. 'भांगाच्या दिवसांत पाणी ओढत नाही म्हणून डोल लावत नाहीत' हे वाक्य इंग्रजीत आणलंस तर प्रत्येक वळणावर मॉडेल चुकतं. शब्दसंख्या गाठायला माणूस जे लिहितो ते बहुतेक पहिल्या जातीचं असतं, मग ते यंत्राने लिहिलेलं असो की हाताने. आणि काटछाट करताना माणूस आधी तपशील काढतो, कारण तो फापटपसारा वाटतो. म्हणून तुझ्याकडे दोन्ही वाटांनी आकडा चढला.

समीर_घणसोली

मग छोट्या मजकुरावर गोंधळ होतो हे चूक आहे का?

निखिल_कोपरखैरणे

नाही, ते बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ खाली उतरतो असा नाही. थोड्या शब्दांच्या सरासरीवर एखाद्या वाक्याचा फार जोर चालतो, म्हणून आकडा कुठेही उडतो, वरही आणि खालीही. ढोबळ नियम असा की डळमळ निम्मी करायला चौपट शब्द लागतात. म्हणूनच खालची मर्यादा ठेवतात. टर्निटिन नावाचं डिटेक्टर ३०० शब्दांखालच्या मजकुराला एआयचा गुण देत नाही, आणि २० टक्क्यांखाली नेमका आकडा न दाखवता नुसता तारा दाखवतं, कारण तिथे चुकीचा आळ येण्याची शक्यता जास्त. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या तपासणीला किमान १००० अक्षरं लागायची, तरी तिची अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये त्यांनी ती बंद केली.

तुझ्या भावाचे ८० आणि ३० हे दोन वेगळ्या लांबीच्या मजकुरांचे आकडे आहेत. त्यांची तुलना करून त्याचं लिखाण सुधारलं की बिघडलं हे सांगता येणार नाही. खाडीकाठच्या तीन मसुद्यांनाही तेच लागू. तुलना करायचीच तर लांबी तीच ठेवून फक्त एक भाग बदलायचा.

खाडीकाठ

म्हणजे मी १५०० वरच राहून ते ३८० शब्द बदलून बघायचे?

ग्रंथपाल_ठाणे

हो, पण आकडा पाडायला नको, अहवालासाठी. तुझ्याकडे तक्ता आहे म्हणालीस. त्यात काय आहे?

खाडीकाठ

कुठलं जाळं, उधाण की भांग, काय मिळालं. डोल, पाग, बोय, कोलंबी, कधी जिताडा.

ग्रंथपाल_ठाणे

मग तुझे शब्द तिथेच आहेत. तक्त्यातला मजकूर डिटेक्टरही सहसा मोजत नाही, त्याला सलग परिच्छेद लागतात. तक्ता राहू दे, पण त्यातल्या चार-पाच ओळी लिहून काढ: त्या दिवशी पाणी कसं होतं, जाळं का बदललं, जिताडा मिळाला तेव्हा कोण काय म्हणालं. काढलेल्या नोंदी आणि मुलाखती परत घाल. पाणथळीच्या महत्त्वाचे परिच्छेद आहेत तिथे एवढंच पुरे की ठाणे खाडी २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली आणि त्याने या लोकांच्या मासेमारीत काय बदललं, किंवा काहीच बदललं नाही.

आणि मॅडमकडे जाताना तिन्ही मसुदे, क्षेत्रकार्याची वही आणि फाईलचा बदलांचा इतिहास घेऊन जा. वर मांडलेला भागाकार कागदावर दाखव.

कळव्याचे काका

पण पोरीने स्वतः लिहिलेलं असताना तिने का म्हणून बदलायचं?

निखिल_कोपरखैरणे

काका, तुमचं म्हणणं मला पटतं. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले होते. सगळे माणसांनी लिहिलेले, तरी सरासरीने निम्म्याहून जास्त यंत्राचे ठरले. शब्दसंपदा मर्यादित असली की वाक्यं ओळखीची होतात, आणि आपली मुलं परीक्षेत शिकतात ते इंग्रजी तसंच असतं. डिटेक्टरं तेव्हापासून बदलली आहेत, पण २० टक्क्यांची रेघ ओढून निकाल लावणं मला आजही योग्य वाटत नाही.

ग्रंथपाल_ठाणे

निखिल, रेघ काढता येत नाही तोवर मुलांना तिच्यासोबत राहावं लागतं. आमच्याकडे निदान एवढं ठरवलं आहे की आकडा वर आला तर आधी रंगलेला भाग वाचायचा, मग विद्यार्थ्याला विचारायचं. सगळीकडे असं नाही.

खाडीकाठ

आत्ता जुन्या नोंदी परत घातल्या आणि तक्त्यातल्या उधाणाच्या दोन दिवसांचं वर्णन लिहिलं. पाणथळीचा भाग चार वाक्यांवर आणला. १४४० शब्द झाले आहेत, उरलेले ६० काकूंना परत फोन करून मिळतील, त्यांनी पागाबद्दल अर्धवट सांगितलं होतं.

एक राहिलं. प्रस्तावना अजून तशीच आहे. ती अभ्यासक्रमात दिलेल्या साच्यातच लिहावी लागते, उद्दिष्टं, व्याप्ती, पद्धत याच क्रमाने. ते १६० शब्द रंगणारच ना? १५०० मध्ये ते जवळपास ११ टक्के होतात.

ग्रंथपाल_ठाणे

हो, रंगतील बहुधा. साचा कॉलेजचा आहे, तो दाखवूनच मॅडमना सांग. त्या काय म्हणतात ते इथे लिही, माझ्याकडेही याच साच्याचे अहवाल येतात.