मदत हवी आहे: रशियन मेलमधल्या 'अत्प्राव्ल्याली'चा अर्थ 'पाठवत होतात' की 'पाठवलीत'?

मृण्मयी_दादर
नमस्कार मंडळी. अंधेरीच्या एका औषध निर्यात कंपनीत मी रशियन पत्रव्यवहार बघते. संध्याकाळी क्लासही चालू आहे. मॉस्कोच्या ग्राहकाचा एका ओळीचा मेल आलाय: 'वी अत्प्राव्ल्याली दकुमेन्ती?' आमच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे 'अत्प्राव्ल्याली' हे अपूर्ण रूप आणि 'अत्प्राविली' हे पूर्ण रूप. त्या हिशेबाने ऑफिसातल्या एकांनी भाषांतर केलं, 'तुम्ही कागदपत्रं पाठवत होतात का?' मला ते पटत नाही. कुरियर आठवड्यापूर्वीच गेलंय आणि ग्राहकाला ट्रॅकिंग नंबरही दिलाय, मग तो 'पाठवत होतात का' असं कशाला विचारेल? पण भूतकाळाबद्दलच विचारायचं होतं तर 'अत्प्राविली' का नाही लिहिलं? आणि मुळात हा काळाचा फरक आहे की दुसराच कसला? उत्तर आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं आहे.

गिरगावकर
शाळेतलं व्याकरण आठवा. साधा भूतकाळ 'पाठवली', अपूर्ण भूतकाळ 'पाठवत होतो', पूर्ण भूतकाळ 'पाठवली होती', रीति भूतकाळ 'पाठवत असे'. रशियन अपूर्ण म्हणजे आपला अपूर्ण. तुमच्या सहकाऱ्यांचं बरोबर आहे. ग्राहक बहुधा विचारतोय की पाठवण्याचं काम सुरू होतं का.

ठाणेकर_७४
रशियनचे क्लास दादरला कुठे आहेत? फी किती? मुलीला घालायचंय.

शब्दवेल्हाळ
गिरगावकर, तुम्ही दिलेल्या चार रूपांमध्येच उत्तर दडलंय. चारही भूतकाळ. काळ एकच, मग चार रूपं कशाला? कारण घटना कधी घडली एवढंच आपण सांगत नाही, तिच्याकडे कुठून पाहतो तेही सांगतो. 'पाठवत होतो' म्हणताना आपण घटनेच्या आत उभे असतो, सुरुवात आणि शेवट नजरेबाहेर. 'पाठवली' म्हणताना बाहेरून अख्खी घटना एका नजरेत घेतो. भाषाशास्त्रात याला आस्पेक्ट म्हणतात, मराठीत काही जण क्रियाव्याप्ती म्हणतात. शाळेच्या पुस्तकाने दोन्ही गोष्टी 'काळ' या एकाच नावाखाली भरल्या. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या व्याकरणात रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावं ठेवली. ती प्रत्ययावरून दिलेली आहेत, काळावरून नाहीत. त्यातला शहाणपणा मला आजही जाणवतो.

आता मृण्मयीताईंचा मेल. रशियनमधलं अपूर्ण रूप आपल्या 'पाठवत होतो'पेक्षा खूप मोठं आहे. चालू असलेली क्रिया त्यात बसते, पुन्हा पुन्हा केलेली बसते, आणि 'असं काही झालंय का' एवढीच विचारपूस असेल तर पूर्ण झालेली क्रियासुद्धा बसते. तुमचा मेल या तिसऱ्या प्रकारातला वाटतो. 'ती ज़्वनील इवानु?' म्हणजे इवानला फोन केला होतास का, सहज विचारलं. 'ती पज़्वनील इवानु?' म्हणजे इवानला फोन करायचा ठरला होता, तो झाला का? पूर्ण रूपाच्या प्रश्नामागे अपेक्षा उभी असते.

म्हणून मराठीत मी असं करीन: 'अत्प्राव्ल्याली' म्हणजे 'तुम्ही कागदपत्रं पाठवली होती का?', 'अत्प्राविली' म्हणजे 'पाठवलीत का एकदाची?' एका भाषेत अपूर्ण असलेलं रूप दुसऱ्या भाषेत पूर्ण रूपाने उतरतंय, कारण दोन्हीकडची नावं सारखी असली तरी त्यांचा आवाका सारखा नाही.

मृण्मयी_दादर
'पाठवली होती का' कानाला एकदम बरोबर लागतं. पण 'होती' नेमकं काय करतंय?

शब्दवेल्हाळ
खिडकीचं उदाहरण घ्या, रशियनच्या वर्गात हे नेहमी येतं. खोलीत शिरलात, गारवा आहे, खिडकी बंद आहे. विचारता, 'क्तो अत्क्रिवाल अक्नो?' अपूर्ण रूप. कोणीतरी उघडली आणि परत लावली, परिणाम उरलेला नाही. खिडकी उघडीच असेल तर 'क्तो अत्क्रील अक्नो?', पूर्ण रूप. मराठीत पहिल्याला 'खिडकी कोणी उघडली होती?' आणि दुसऱ्याला 'खिडकी कोणी उघडली?' रशियन माणूस जे काम क्रियापदाची जोडी बदलून करतो ते आपण 'होती' लावून करतो. हे दर वेळी जुळेलच असं मात्र नाही. 'तो रोज खिडकी उघडायचा' यालाही रशियनमध्ये तेच अपूर्ण रूप लागतं आणि तिथे 'होती' चालत नाही.

मालाड_मँडरिन
मी चिनी शिकतोय, तिथेही हेच आहे. क्रियापदापुढे 'ल' लावला की भूतकाळ. आणि गंमत म्हणजे मराठीतही ल (खाल्ला, गेला), रशियनमध्येही ल (चिताल). तिन्हीकडे ल म्हणजे भूतकाळ!

शब्दवेल्हाळ
तिन्ही ल वेगळ्या घरातले आहेत. मराठीचा ल प्राकृतातल्या 'इल्ल'वरून आला. रशियनचा ल एका जुन्या धातुसाधित विशेषणाचा, म्हणून तर पुरुष 'चिताल' आणि बाई 'चिताला', असं लिंग बदलतं. चिनी तर आपल्या भाषाकुळातलीच नाही. पण उदाहरण फार चांगलं आणलंत. सांगा, 'उद्या जेवून झालं की लगेच जातो' हे चिनीत कसं म्हणाल?

मालाड_मँडरिन
'मिंगथ्येन वो छ्र ल फान च्यौ छ्यू.' अरे, इथे उद्या आहे आणि तरी ल आहे.

शब्दवेल्हाळ
आणि 'काल मी खूप कामात होतो'?

मालाड_मँडरिन
'त्स्वोथ्येन वो हन मांग.' यात ल नाही. म्हणजे काल असून ल नाही आणि उद्या असून ल आहे?

शब्दवेल्हाळ
बरोबर. चिनी ल काळ सांगत नाही, एक घटना अख्खी झाली असं दाखवतो. कधी, ते 'मिंगथ्येन' आणि 'त्स्वोथ्येन' सांगतात.

आता मराठीचा 'ला' तपासू. 'उद्या त्याने आंबा खाल्ला की मला सांग.' ही घटना अजून घडायची आहे, तरी 'खाल्ला'. दुसरीकडे 'तो लहानपणी रोज आंबा खायचा', पक्का भूतकाळ, तरी 'ला' नाही. आणि कर्त्याकडे बघा. पहिल्या वाक्यात 'त्याने', दुसऱ्यात 'तो'. उद्याच्या वाक्यात 'ने' आहे, भूतकाळाच्या वाक्यात नाही. 'ने' भूतकाळाचा पाठलाग करत असता तर उलटं दिसलं असतं. तो पूर्ण रूपाचा पाठलाग करतोय. यामागे इतिहास आहे. 'तेन आम्रः खादितः', त्याच्याकडून आंबा खाल्ला गेला, अशा रचनेतून हे रूप आलं, म्हणून क्रियापद आजही आंब्याशी जुळतं: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली.

गिरगावकर
पण 'त्याने आंबा खावा' यातही 'ने' आहे. तिथे पूर्ण काय झालं? आणि 'तो मराठी शिकला', 'तो नाव विसरला' यात कर्म असून 'ने' नाही.

शब्दवेल्हाळ
दोन्ही मुद्दे बरोबर. 'वा'चं रूपही जुन्या कर्मणी धातुसाधितातून आलंय, म्हणून तिथे 'ने' येतो. शिकणे, विसरणे ही मोजकी क्रियापदं नियमाबाहेर राहिली. तेव्हा 'ने' दिसला म्हणजे पूर्ण रूप असं उलट्या बाजूने म्हणता येणार नाही. माझी चाचणी एवढीच आहे: कर्म घेणारं क्रियापद, 'ला'चं रूप, तिसऱ्या पुरुषातला कर्ता. तिथे काळ बदलून बघा, 'ने' हलत नाही.

मुंब्रा_अरबी
मी मुलांना अरबी शिकवतो. आमच्याकडे एका रूपाचं नावच 'मादी', म्हणजे होऊन गेलेलं. तरी 'इन दरस्त, नजह्त' या वाक्यात दोन्ही क्रियापदं मादी आहेत आणि अर्थ मात्र पुढचा: अभ्यास केलास तर पास होशील. मराठीत 'अभ्यास केलास तर पास झालास समज' म्हणतोच की आपण. मुलं दर वर्षी इथेच अडतात.

मालाड_मँडरिन
एक शंका. 'ल' म्हणजे क्रिया संपली ना? मग माझ्या ओळखीची एक चिनी मुलगी 'ते पत्र मी लिहिलं, पण लिहून झालं नाही' अशा अर्थाचं वाक्य ल लावून बोलली. सर म्हणाले चूक आहे, ती म्हणते चालतं.

शब्दवेल्हाळ
या वाक्यावर चिनी भाषकांमध्येच एकमत नाही, त्यामुळे दोघांनाही खोटं ठरवू नका. पण मराठीत बघा: 'काल मी ते पुस्तक वाचलं, पण संपलं नाही.' मला चालतं. 'वाचून काढलं, पण संपलं नाही' अजिबात चालत नाही. म्हणजे नुसता 'ला' क्रिया थांबली एवढंच सांगतो, शेवट गाठला असं सांगायला 'काढणे', 'टाकणे' यांची जोड लागते. चिनीत ते काम 'वान' करतो, 'श्ये वान ल' म्हटलं की पत्र पुरं झालंच. रशियन पूर्ण रूप मात्र 'वाचून काढलं'च्या जवळचं आहे. 'प्रोचिताल' म्हणून पुढे 'पण संपलं नाही' म्हणताच येत नाही. उलट 'रेशाल, नो नि रेशील' हे अगदी नेहमीचं वाक्य, गणित सोडवायला बसला पण सुटलं नाही, पहिलं अपूर्ण आणि दुसरं पूर्ण.

एस्तेन दाल यांनी १९८५च्या पुस्तकात ६४ भाषांची एकाच प्रश्नावलीवर तुलना केली. त्यात दिसलं की जिथे हा पूर्ण-अपूर्ण भेद आहे तिथे पूर्ण रूप बहुधा भूतकाळाच्या गोष्टीलाच लागतं. म्हणून तर 'ला' म्हणजे भूतकाळ असं आपल्याला वाटतं. रशियन आणि तिच्या बहिणी या नमुन्यात नीट बसत नाहीत, रशियनमध्ये पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळाचे प्रत्यय लावले की भविष्यकाळ होतो. त्यामुळे रशियनच्या पुस्तकातली व्याख्या घेऊन इतर भाषांना मोजू नये असं माझं ठाम मत आहे.

गिरगावकर
मला 'पुस्तक वाचलं, पण संपलं नाही' खटकतं. 'थोडं वाचलं' म्हणायला हवं. 'पोळी खाल्ली, पण संपली नाही' तर मुळीच नाही.

शब्दवेल्हाळ
पोळीचं मलाही चालत नाही. पुस्तक आणि पोळी यांत फरक का पडतो हे मला अजून नीट मांडता आलेलं नाही. इतरांनी आपापल्या घरी विचारून इथे लिहावं.

मृण्मयी_दादर
खूप आभार. मी उत्तरात 'दा, अत्प्राविली' लिहून तारीख आणि ट्रॅकिंग नंबर पुन्हा दिला. आता पुढच्या खेपेबद्दल लिहायचंय: 'शुक्रवारी कागदपत्रं पाठवू.' क्लासमधल्या एकीच्या मते 'बूदिम अत्प्राव्ल्यात' जास्त नम्र वाटतं, मला 'अत्प्राविम' बरं वाटतं.

शब्दवेल्हाळ
'अत्प्राविम' लिहा. शुक्रवारी ती निघालेली असतील असा शब्द त्यात दिला जातो. 'बूदिम अत्प्राव्ल्यात'मध्ये शुक्रवारी ते काम हाती असेल एवढंच येतं. नम्रतेचं म्हणाल तर आमंत्रण आणि आग्रहाच्या आज्ञार्थात अपूर्ण रूप आपुलकीचं वाटतं, 'सदीतिस' म्हणजे 'बसा ना'. त्यावरून तुमच्या मैत्रिणीला तसं वाटत असावं. पण तारखेच्या आश्वासनात तो नियम लागू होईल असं मला वाटत नाही. मॉस्कोत राहिलेलं कोणी इथे असेल तर सांगा.

ठाणेकर_७४
क्लासचं कोणी सांगेल का?

मृण्मयी_दादर
ठाणेकर, व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवलाय.