मदत हवी आहे: अ‍ॅल्युमिनियमच्या सेलमधला कार्बन हिशोबापेक्षा जास्त का खपतो? आणि क्रायोलाइट नक्की करतं काय?

शिकवणीवाली_ताई
नमस्कार मंडळी, मी बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेते आणि एका पोरानं मला चांगलंच अडकवलंय. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिनियम कसं काढतात ते चाललं होतं, बायर प्रोसेसनं अ‍ॅल्युमिना काढण्यापर्यंत सगळं गुण्यागोविंदानं झालं, मग सेलमधली रिअ‍ॅक्शन फळ्यावर लिहिली:

```
2Al2O3 + 3C → 4Al + 3CO2
```

108 ग्रॅम धातूला 36 ग्रॅम कार्बन, म्हणजे एका टनाला 333 किलो. तर हा म्हणतो मॅडम माझे काका ओडिशात स्मेल्टरला आहेत, त्यांच्याकडं टनाला 410 किलोच्या आसपास लागतो आणि तो आकडा चांगला समजतात. मग वरचे 75-80 किलो गेले कुठं? मी म्हटलं हवेनं जळत असेल, पण ते उत्तर माझं मलाच पटेना. दुसरं म्हणजे पुस्तकात लिहिलंय की क्रायोलाइटमुळं अ‍ॅल्युमिनाचा मेल्टिंग पॉइंट कमी होतो, बरं, मग ते क्रायोलाइट संपतं का, दर वेळी किती घालतात? प्लांटवर प्रत्यक्ष काम केलेलं कुणी असेल तर सांगा प्लीज, पुस्तकातलं माझ्याकडं आहे.

केमिस्ट्रीप्रेमी
यात अवघड काही नाहीये. अ‍ॅल्युमिना 2050 डिग्रीच्या आसपास वितळतो, एवढं तापमान परवडत नाही, क्रायोलाइट टाकलं की तो 950 लाच वितळतो आणि करंटही नीट जातो. अ‍ॅनोडवर ऑक्सिजन सुटतो, तो तापलेल्या कार्बनला जाळतो म्हणून अ‍ॅनोड झिजतो. 333 ही थिअरी झाली, प्रॅक्टिकलला वेस्टेज धरायचंच असतं, पोरांना तेवढं सांगितलं तरी मार्क मिळतात.

भोसरीकर
ताई आमचं अ‍ॅनोडायझिंगचं छोटं युनिट आहे. आमच्याकडं तर अ‍ॅनोड झिजायचा प्रश्नच नाही, जॉबच अ‍ॅनोडला लटकवतो, सल्फ्युरिक अ‍ॅसिडची टाकी, तापमान 20 च्या आसपास ठेवावं लागतं नाहीतर लेयर पावडरीसारखा निघतो. तुमचा कार्बन जास्त खपतोय तर करंट कमी करून बघा की. आणि ते 950 डिग्री काय प्रकरण आहे, आम्ही चिलर लावतो!

पॉटरूमवाले_काका
भोसरीकर, तुमच्याकडं तयार अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवतात, इथं ऑक्साइडमधून धातू बाहेर काढायचाय, गाडी बरोबर उलट्या दिशेनं चाललीय. करंट कमी केला तर कार्बन कमी जाईल हे खरं, पण धातूही तेवढाच कमी येईल.

ताई, मी बरीच वर्षं पॉटरूममध्ये काढलीत, आम्ही सेलला पॉटच म्हणायचो. आधी क्रायोलाइट. "मेल्टिंग पॉइंट कमी होतो" हे वाक्य वाचून पोरांच्या डोळ्यासमोर अ‍ॅल्युमिना वितळतोय असं चित्र येतं, ते काढून टाका. वितळलेलं असतं ते क्रायोलाइट, एकटं असेल तर साधारण 1010 डिग्रीला, त्यात थोडं जादा अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड आणि कॅल्शियम फ्लोराइड मिसळलं की पॉट 955-960 ला चालवता येतो. अ‍ॅल्युमिना त्यात विरघळतो, मीठ पाण्यात विरघळतं तसा. आणि तोही थोडाच, आमच्या बाथमध्ये, म्हणजे त्या वितळलेल्या मिश्रणात, एका वेळी 2 ते 4 टक्के असायचा, त्यामुळं वरून फीडर दर मिनिटा-दोन मिनिटाला बाथवरची गोठलेली पपडी फोडून एक डोस टाकत राहतो. एकदम जास्त टाकलं तर न विरघळता तळाशी जाऊन चिखल होऊन बसतो.

पाण्यात का नाही करत असं पोरं विचारतीलच, तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या आधी हायड्रोजनच सुटतो, धातू येतच नाही. क्रायोलाइटला तो त्रास नाही, शिवाय एक गोष्ट फार सोयीची आहे, वितळलेला धातू त्याच्यापेक्षा थोडासा जड, 2.3 विरुद्ध 2.1 च्या आसपास. म्हणून धातू खाली बसतो, वरच्या बाथखाली झाकलेला राहतो आणि व्हॅक्यूमनं ओढून काढता येतो. फरक एवढाच आहे, त्यामुळं बाथचं मिश्रण बिघडवून चालत नाही.

आता संपतं का? मुख्य रिअ‍ॅक्शनमध्ये क्रायोलाइट खर्च होत नाही. पण अ‍ॅल्युमिनाबरोबर आलेल्या ओलाव्यानं थोडं फ्लोराइड हायड्रोजन फ्लोराइड होऊन उडतं, थोडं बाथ तळाच्या कार्बन अस्तरात मुरतं. म्हणून रोजच्या रोज घालायचं ते मुख्यतः अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड, उडालेलं फ्लोराइड स्क्रबरमध्ये ताज्या अ‍ॅल्युमिनावरच धरतात आणि तो अ‍ॅल्युमिना परत पॉटला. अजून एक, जे क्रायोलाइट अ‍ॅल्युमिना विरघळवतं ते विटाही खातं, तोंड देईल असं स्वस्त अस्तर नाही, म्हणून पॉटच्या कडा मुद्दाम थंड ठेवतात आणि बाथच तिथं गोठवून त्याची भिंत करतात. ती वितळली की पॉट फुटायची भीती.

कार्बनचं रात्री लिहितो, मोठं आहे.

राधानगरीकर
आमच्या बाजूला बॉक्साइट भरपूर, लहानपणापासून लाल माती उडवत जाणारे ट्रक बघतोय. बेळगावला अ‍ॅल्युमिना करतात हे माहितीये. मग इथंच धातूपर्यंत का नेत नाहीत? कच्चा माल आमचा आणि कारखाने ओडिशा, छत्तीसगडला.

पॉटरूमवाले_काका
राधानगरीकर, विजेमुळं. एक किलो धातूला 13-14 युनिट लागतात, म्हणजे टनाला 14 हजारच्या घरात. त्यामुळं स्मेल्टर विजेच्या मागं जातो, खाणीच्या नाही. अंगुळ, झारसुगुडा, कोरबा, सगळीकडं जवळ दगडी कोळसा आणि स्वतःचं पॉवर प्लांट.

हां, तर ताई तुमचे 77 किलो. केमिस्ट्रीप्रेमी म्हणतात तसं सगळं "वेस्टेज" नाहीये, त्यातला एक हिस्सा तुम्ही फळ्यावर काढून दाखवू शकता. आम्ही करंट एफिशियन्सी 94 टक्के धरायचो, म्हणजे 100 भाग करंटमधून 94 भागांचाच धातू हातात येतो. उरलेल्या 6 भागांचा धातूही तयार झालेला असतो हो! पण त्याचा बारीक अंश बाथमध्ये विरघळून वर येतो, अ‍ॅनोडखालच्या कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांना भेटतो आणि पुन्हा अ‍ॅल्युमिना होऊन बसतो:

```
2Al + 3CO2 → Al2O3 + 3CO
```

कार्बन मात्र त्या 6 भागांसाठीही आधीच खर्च झालेला. म्हणून हिशोब 333 भागिले 0.94, म्हणजे 354 किलो. इथपर्यंत विजेनं खाल्लेला कार्बन. काकांचा आकडा 410 धरला तर उरले 56, ते विजेविना गेले.

ते दोन-तीन वाटांनी जातात. अ‍ॅनोडचा वरचा भाग बाथच्या बाहेर असतो आणि तोही चांगला तापलेला, त्याच्यावर अ‍ॅल्युमिना आणि फोडलेल्या बाथचं पांघरूण घालतात, ते कुठं ढासळलं की हवा लागून कार्बन सरळ जळतो. दुसरं, कार्बन डायऑक्साइड गरम कार्बनच्या भोकांत शिरून त्याचा मोनॉक्साइड होतो. आणि तिसरी भानगड धुळीची. अ‍ॅनोड बनतो पेट्रोलियम कोक आणि डांबरी पिच भट्टीत भाजून, त्यात पिचचा भाग कोकच्या दाण्यांपेक्षा लवकर जळतो, मग दाणे सुटून बाथमध्ये पडतात. बाथवर काळी साय दिसायला लागली आणि पॉट उगाच तापायला लागला की समजायचं धूळ झालीय.

अ‍ॅनोड रोज दीडेक सेंटिमीटर झिजतो, साधारण चार आठवड्यांनी बदलायचा, उरलेला बुंधा फेकत नाहीत, साफ करून दळून नव्या अ‍ॅनोडमध्ये घालतात. 410 मध्ये तो परत आलेला बुंधा धरलेला नसतो, धरला तर आकडा 500 च्या पुढं जातो, काकांना कुठला आकडा ते एकदा विचारून घ्या.

केमिस्ट्रीप्रेमी
ठीक आहे, विरघळणं मान्य. पण अ‍ॅनोडवर ऑक्सिजन सुटून मगच कार्बन जळतो ना? शेवटी CO2 च मिळतो, मग फरक काय पडतो?

पॉटरूमवाले_काका
फरक व्होल्टेजमध्ये पडतो. आधी मोकळा ऑक्सिजन काढायचा असता तर थिअरीनं निदान 2.2 व्होल्ट लागले असते. कार्बनच्या पृष्ठभागावरच कार्बन डायऑक्साइड होतो म्हणून 1.2 मध्ये भागतं. म्हणजे कार्बन एक व्होल्टचं काम फुकटात करतो, फुकटात म्हणजे कोकच्या बिलात. प्रत्यक्ष पॉट 4.2 च्या आसपास चालतो, बाकीचं बाथचा रेझिस्टन्स आणि इतर तोट्यात जातं, आणि त्याच उष्णतेवर पॉट गरमही राहतो. नुसतं हवेत जळण्यासारखं असतं तर ही बचत दिसलीच नसती.

क्यूबेकची_मीरा
इकडं क्यूबेकमध्ये 2018 पासून ELYSIS चं काम चाललंय, अल्कोआ आणि रिओ टिंटोचं, कार्बनऐवजी न झिजणारा अ‍ॅनोड, त्यातून ऑक्सिजन निघतो. मग तुमचा बुंधा, धूळ, सगळा व्याप संपला की! काका, तुम्ही कार्बनच्या बाजूनं बोलताय असं वाटतंय.

पॉटरूमवाले_काका
बाजू नाही हो, हिशोब. तो एक व्होल्ट परत द्यावा लागेल. तुमच्याकडं वीज पाण्यावर, म्हणून अ‍ॅनोडचा धूर वाचला तो निव्वळ फायदा. आमच्याकडं जादा वीज कोळसा जाळूनच येणार.

क्यूबेकची_मीरा
पण अ‍ॅनोड झिजत नाही म्हटल्यावर अ‍ॅनोड-कॅथोडमधलं अंतर कमी ठेवता येईल, त्यात बाथचा रेझिस्टन्स वाचेल, मग तो व्होल्ट तिथून भरून काढता येईल ना?

पॉटरूमवाले_काका
येईल, पण खाली धातूच्या लाटा हलत असतात, फार जवळ आणलं की एफिशियन्सी पडते. त्यासाठी पॉटचं डिझाइनच वेगळं लागेल. बघू, चालला तर मला आनंदच आहे.

शिकवणीवाली_ताई
354 चा टप्पा जबरदस्त, उद्याच घेते फळ्यावर. आता तो पोरगा पुढं काय विचारणार तेही दिसतंय: कार्बनच पाहिजे तर दगडी कोळसा का नाही? आणि अ‍ॅल्युमिना घालायचा राहिला तर काय होतं?

पॉटरूमवाले_काका
कोळशात राख. अ‍ॅनोड संपत जातो तशी त्यातली सिलिका, लोखंड बाथमध्ये उतरतं आणि तिथून थेट धातूत. पेट्रोलियम कोकमध्ये राख अगदी कमी म्हणून तो.

अ‍ॅल्युमिना 2 टक्क्यांच्या खाली घसरला की अ‍ॅनोड इफेक्ट लागतो. ऑक्साइड पुरेना म्हणून फ्लोराइडच कार्बनशी रिअ‍ॅक्ट व्हायला लागतं, अ‍ॅनोडखाली गॅसचा थर बसतो, करंटला वाट राहत नाही आणि व्होल्टेज 4 वरून सरळ 30 च्या पुढं. जुन्या पॉटलाइनमध्ये पॉटवर एक बल्ब लावलेला असायचा, एरवी विझलेला, व्होल्टेज चढलं की तो पेटायचा. मग डोस टाकायचा आणि ओल्या लाकडाचा लांब दांडा अ‍ॅनोडखाली खुपसायचा, त्याची वाफ आणि धूर उसळून तो थर फुटतो. त्यात जो CF4 निघतो तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट वाईट, म्हणून आता कंप्युटर व्होल्टेज बघत फीडर चालवतो आणि इफेक्ट लागूच देत नाहीत.

शिकवणीवाली_ताई
आणि ते 56 किलो हवेचे किती, CO2 चे किती, धुळीचे किती असं वेगळं काढता येतं का?

पॉटरूमवाले_काका
एका आकड्यातून नाही निघत, प्लांटप्लांटला बदलतं, पांघरूण कसं घालतात, कोक कसलाय त्यावर. लॅबमध्ये अ‍ॅनोडचा तुकडा घेऊन हवा आणि CO2 ची टेस्ट वेगवेगळी करतात. जागेवर आम्ही बुंधा बघायचो, वरून गळ्यासारखा आत गेलेला असला की हवेनं खाल्लाय. त्या पोराला सांगा काकांकडून बुंध्याचा फोटो मागव.

भोसरीकर
काका, तो दांड्याचा प्रकार भारीच. माझा प्रश्न राहिलाच पण, आमच्या टाकीत हल्ली थर पातळ येतोय, अ‍ॅसिडमध्ये अ‍ॅल्युमिनियम जास्त झालं की असं होतं का?

पॉटरूमवाले_काका
त्याचा वेगळा धागा काढा भोसरीकर, आणि टाकीचं तापमान, किती अँपियर, किती मिनिटं ते त्यात लिहा.