मदत हवी आहे: कथेतल्या मुलाची उतरली, मग अपघात कसा दाखवू?

अर्धविराम
कथा उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायची आहे आणि मी शेवटाला अडलोय. नायक पंचविशीतला. मित्राकडे रात्री बसतात, हा पितो. निघायच्या आधी दोन कप कोरी कॉफी घेतो, डोकं गार पाण्याच्या नळाखाली धरतो, तरतरीत होतो (कथेत मी "शुद्धीवर आला" असं लिहिलंय) आणि गाडी काढतो. पुढे अपघात. पण ज्या मैत्रिणीला वाचायला दिली ती म्हणते, "तूच त्याची उतरवलीस, मग अपघात का होतो?" मलाही पटतंय. कॉफी एकच कप ठेवू का? की गार पाणी काढून टाकू? लवकर सांगा.

रातवा
किती प्यायला? किती वाजल्यापासून? जेवला होता का? निघाला कधी?

अर्धविराम
एवढं लागतं का? कथेत "बरीच झाली होती" असं आहे.

रातवा
लागतं. शेवट त्यावरच ठरणार आहे.

मोगरा_७
सकाळी उठल्यावर मीठ-साखर घातलेलं पाणी थोडं थोडं प्यायला द्या, डोकं हलकं होतं. उपाशीपोटी गोळी घेऊ नये.

रातवा
ताई, त्याला सकाळचं डोकं दुखत नाहीये, तो रात्रीच निघालाय.

सदू काका
कॉफीने लघवी होते आणि दारू त्या वाटेने निघून जाते, म्हणून थोडा फरक पडतोच. दोन कपांनी पडणार नाही, चार कप दाखव. शिवाय ज्याला सवय आहे त्याला चार पेगांनी काही होत नाही, हेही ध्यानात घे.

नमुना२७
काका, लघवी होते हे खरं, पण दारू त्या वाटेने फार जात नाही. लघवी, श्वास आणि घाम मिळून जेमतेम दहावा हिस्सा, बहुतेकदा त्याहूनही कमी. बाकी सगळी यकृत जाळतं आणि ते आपल्याच चालीने जाळतं. कॉफीने त्याची चाल वाढत नाही, गार पाण्यानेही नाही. मी रक्तातली दारू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत १८ वर्षं काढली आहेत.
अर्धविराम, आता आकडे द्या.

अर्धविराम
बरं. वजन ७० किलो. ९ ते साडेअकरा, व्हिस्कीचे साठ-साठ मिलीचे चार पेग. शेवटचा निघायची घाई म्हणून एका घोटात. पावणेबाराला कॉफी, बाराला डोकं धुतलं, बारा दहाला गाडीत. जेवणाचं कथेत काहीच नाही.

नमुना२७
मग तुमची कथा अडलेलीच नाही.
चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीचा साठ मिलीचा पेग म्हणजे साधारण १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चार पेगांचे ७६. स्वीडनच्या विडमार्क यांनी घालून दिलेला हिशेब आम्ही आजही वापरतो. त्याप्रमाणे या मुलाच्या रक्तात दर १०० मिलीला १६० मिलिग्रॅमपर्यंत जाईल एवढी दारू गेली आहे. यकृत तासाला १५ च्या आसपास कमी करतं, कुणाचं १०, कुणाचं २०. म्हणजे बारा दहाला अजून ११० च्या जवळपास. बहुतेक देशांची मर्यादा ८० किंवा त्याच्या खाली असते. हा अंदाज आहे, माणसागणिक हलतो. पण शून्यावर यायला त्याला सकाळचे सात-साडेसात तरी वाजतील.
आता तुम्हाला उपयोगी पडेल असं सांगतो. शेवटचा पेग साडेअकराला एका घोटात गेला. तो पोटातून रक्तात यायला अर्धा तास, कधी तासाहून जास्त. पोट भरलेलं असेल तर आणखी सावकाश. म्हणजे तो नळाखाली उभा असताना त्याची उतरत नव्हती, अजून चढत असण्याची शक्यता जास्त.

अर्धविराम
पण मग त्याला बरं का वाटतं? मी स्वतः बघितलंय, कॉफी घेतली की माणूस खरंच सावध होतो.

नमुना२७
झोप जाते. मेंदूत पेंग आणणारा जो निरोप असतो तो कॉफी अडवते. गार पाण्याने छाती धडधडते, श्वास खोल येतो, पण ते काही मिनिटांपुरतं. दारूने बिघडलेला अंदाज तसाच राहतो. पेंगुळलेला माणूस निदान "मी नाही चालवत" म्हणतो, याची तीच खूण तुम्ही धुऊन टाकली.
आणि काका, सवयीचं तुम्ही अर्धं बरोबर बोललात. सवयीचा माणूस झोकांडत नाही. पण रक्तातला आकडा तोच असतो आणि अचानक काही समोर आलं की हात उशिरा हलतो.

सदू काका
मी ३० वर्षं बघतोय, काही माणसं पिऊन सरळ रेषेत चालवतात.

घाटवळण
सरळ रेषेत चालवतात, खरं आहे. माझा मोठा भाऊ असाच कॉफी पिऊन, तोंड धुऊन निघाला होता. पंधरा किलोमीटर व्यवस्थित चालवली, वेगही जास्त नव्हता. एका वळणावर समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली आणि त्याच क्षणी कडेला एक सायकलवाला होता. दादाने गाडी बघितली, सायकल बघितलीच नाही. त्या माणसाचा पाय दोन ठिकाणी मोडला. दादा अजून म्हणतो, "मी पूर्ण जागा होतो रे." आणि तो खोटं बोलत नाही. मला त्याचाच राग येतो आणि त्याचीच कीव येते.

नमुना२७
हेच. एकाच गोष्टीकडे बघायचं असेल तर निभावतं. दोन गोष्टी एकदम आल्या की एक सुटते. डोळे दिपले की सावरायलाही वेळ लागतो.

रातवा
मग अपघात सरळ रस्त्यावर नको, चौकात घे.

शब्दवेल्हाळ
"शुद्धीवर आला" हा शब्दप्रयोग इथे चूक आहे. बेशुद्ध कुठे होता तो? "उतरली" म्हणा.

अर्धविराम
मैत्रीण उतरली म्हणते, तो उतरली म्हणतो आणि रक्तात उतरलेलीच नाही. हे मला वापरता येईल. पण वाचकाला ११० चा आकडा कसा कळणार? कथेत प्रयोगशाळा नाही.

नमुना२७
मित्राला दाखवू द्या. मुलगा एका पायावर उभा राहतो, दहापासून उलटे आकडे म्हणतो, जमतं. मग मित्र त्याच्या डोळ्यांसमोरून बोट हळूहळू कडेला नेतो. बुबुळं सरळ जात नाहीत, बारीक झटके देत सरकतात. ते सरावाने थांबवता येत नाही आणि ज्याचे डोळे झटकतात त्याला ते जाणवतही नाही.

घाटवळण
काही लोकांचे डोळे न पिताही तसे असतात, माझ्या मावशीचे आहेत.

नमुना२७
असतात. म्हणून एकट्या त्यावर कुणाला दोषी धरू नये. कथेत मात्र मित्राला शंका यायला पुरे.

अर्धविराम
आत्ताच लिहिलं:
"केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. एका पायावर तो हलला नाही, आकडेही चुकला नाही. 'बघ,' तो म्हणाला. संकेतने बोट धरलं आणि सावकाश उजवीकडे नेलं. त्याचे डोळे बोटामागे निघाले, अडखळले, पुन्हा निघाले, दगडांवरून पाय टाकत कुणी ओढा ओलांडावा तसे. संकेतने बोट खाली घेतलं. 'झालं?' त्याने विचारलं आणि हात पुढे केला."
कॉफी दोन्ही कप ठेवतो. पाणीही. अपघात चौकात नेतो.

रातवा
संकेतला दिसलं ना? मग चावी का देतो?

अर्धविराम
ते अजून सुचलेलं नाही.

घाटवळण
दादाला चावी मी दिली होती. तो इतका नीट बोलत होता की नाही म्हणायची मलाच लाज वाटली. हवं तर हे घे.