वायफाय फुकट, मग मोबाइलच्या लहरींचा लिलाव का?

चक्रधर: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ कुणीही परवान्याशिवाय वापरतो, आणि ७०० मेगाहर्ट्झसाठी सरकार हजारो कोटी मागतं. दोन्ही लहरीच ना? सगळंच मोकळं करा, रिचार्ज स्वस्त होईल.

रानवारा: ७०० वर एक टॉवर कित्येक किलोमीटर पोचतो, भिंतीतूनही शिरतो. त्याच चॅनलवर दुसऱ्या कंपनीने शेजारी टॉवर उभा केला तर दोघांचंही नेटवर्क बिघडतं. राउटरची ताकद कमी, ५ गिगाहर्ट्झ तर दोन भिंतींत दमतं. शिवाय तो आधी कानोसा घेतो, हवा मोकळी असली तरच बोलतो. टॉवरच्या पट्ट्याला मालक एकच हवा आणि गिऱ्हाइकं चार, मग द्यायचा कुणाला? २००८ मध्ये ‘आधी येईल त्याला’ करून पाहिलं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले.

घासाघीस: लिलाव ठीक, पण सरकारने ठरवलेली किमान राखीव किंमत बघा की! २०१६ मध्ये ७०० चा देशभराचा भाव मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी. नुसते ५ मेगाहर्ट्झ घ्यायचे तर ५७,४२५ कोटी. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ६,५६८ केला, तरी पडून. २०२२ मध्ये ३,९२७ वर आल्यावर जिओने १० मेगाहर्ट्झ उचलले. खेड्यापाड्यात लांब पोचणारा पट्टा सहा वर्षं रिकामा, आणि तिजोरीतही काही नाही.

चक्रधर: म्हणजे तो पैसा शेवटी रिचार्जमधूनच निघतो.

रानवारा: अर्धं बरोबर. एकदा दिलेला पैसा परत येत नाही, रिचार्जचा भाव स्पर्धा ठरवते.

घासाघीस: एकदा कुठे? २०२२ च्या लिलावात २० वार्षिक हप्ते होते, ७.२ टक्के व्याजाने. हप्त्याखाली दबलेली कंपनी टॉवरवरच हात आखडते.

केबलवाला: आमची ५.८ गिगाहर्ट्झवर ९ किलोमीटरची लिंक आहे, दोन्हीकडे २३ डीबीआयचं पॅनल अँटेना. संध्याकाळी सातनंतर स्पीड पडतो, सिग्नल मात्र −६८ डीबीएमच दिसतो. तक्रार कुठे करायची?

रानवारा: सिग्नल तोच आणि स्पीड कमी, म्हणजे गोंगाट वाढलाय. परवानामुक्त पट्ट्यात त्यापासून संरक्षण नाही. स्कॅन संध्याकाळीच करा, दुपारी चॅनल रिकामाच दिसेल. स्कॅनमध्ये लिंक तुटते, गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवा. मग ४० मेगाहर्ट्झचा चॅनल २० चा करा. कमाल वेग निम्मा होईल, पण टिकेल. पॉवर वाढवू नका, अँटेनाच्या गेनसकट मर्यादा ३६ डीबीएम आहे. ३० डीबीआयची डिश लावलीत तर रेडिओची पॉवर १३ डीबीएमवरून ६ वर आणावी लागेल. फायदा ऐकण्यात: दोन्हीकडे डिश लावल्या की −६८ चा −६१ होतो, आणि बाजूचा गोंगाट कमी शिरतो.

केबलवाला: आणि शेजारचा दुसरा कुणी मर्यादा न पाळता फुल पॉवरवर चालवत असेल तर?

घासाघीस: मग तो नियमाबाहेर, दूरसंचार खात्याच्या देखरेख केंद्राकडे तक्रार करता येते. पण पुरावा जमवेपर्यंत गिऱ्हाइकं थांबतील का? तुम्हाला परवान्याची मायक्रोवेव्ह लिंक परवडते का ते बघा.

चक्रधर: बघा, शेवटी परवानाच!