मदत हवी आहे: डचबॅटची कृती कोणाच्या नावावर?

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाजवळ 1995 मध्ये डचबॅटने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतल्या डच शांतिसैनिकांच्या तुकडीने, नुहानोविच कुटुंबीयांना आपल्या तळाबाहेर काढलं. 2013 मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने परिणामकारक नियंत्रण, म्हणजे त्या वेळी प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता, ते पाहून ती कृती नेदरलँड्सची ठरवली. माघारीच्या त्या दिवसांत हेगचं सरकारही थेट निर्णय घेत होतं, म्हणून. हे पटतं. पण 2007 च्या बेहरामी निकालात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अंतिम अधिकार कोणाकडे एवढंच पाहिलं आणि कोसोवोतली जबाबदारी संयुक्त राष्ट्रांवर टाकली. पण संयुक्त राष्ट्रांना खटल्यांपासून कायदेशीर संरक्षण असल्यामुळे त्यांच्यावर राष्ट्रीय न्यायालयांत खटलाच चालत नाही, पीडित रिकाम्या हाती राहतो.

माझी अडचण अशी: डच न्यायालयाने दुहेरी जबाबदारी, म्हणजे देश आणि संयुक्त राष्ट्रं दोघांचीही, शक्य मानली, पण संयुक्त राष्ट्रांचा वाटा ठरवला नाही. असा वाटा प्रत्यक्ष ठरवणारा एखादा निकाल किंवा लवादाचा निर्णय कोणाला माहीत आहे का?