दोन मदतनीस आल्यावर उधारीचा हिशेब: वही, स्प्रेडशीट की सॉफ्टवेअर?

प्रश्नकर्ती: आजवर उधारी मी एकटीच वहीत लिहीत होते. आता गल्ल्यावर दोन मदतनीसही बसतात. वहीच ठेवावी, स्प्रेडशीट करावी की साधे सॉफ्टवेअर घ्यावे?

वहीनिष्ठ: वहीच ठेवा. खोडलेला आकडा वहीत दिसतो आणि अक्षरावरून तो कोणी लिहिला हेही कळते.

जुना हिशेबनीस: वहीचा हा गुण मोठा आहे आणि स्प्रेडशीटमध्ये नेमका तोच हरवतो. मी काम करत होतो त्या दुकानात साठ गिऱ्हाइकांची नावे एका स्तंभात आणि येणे बाकी शेजारच्या स्तंभात होती. मदतनिसाने नावे अकारविल्हे लावताना फक्त नावांचा स्तंभ निवडला आणि आलेली सूचना नीट न वाचता फक्त निवडलेलाच भाग लावण्याचा पर्याय दाबून पुढे गेला. नावे हलली, आकडे जागच्या जागी राहिले. एकूण येणे आधीही ४८,२०० होते आणि नंतरही तेवढेच, त्यामुळे रोजच्या बेरजेत काहीच दिसले नाही. आठ दिवसांनी एका गिऱ्हाइकाने स्वतःची पावती दाखवली, तिच्यावर बाकी १,१५० आणि आमच्याकडे ३,४०० होती. तोवर नव्या नोंदी चुकीच्या बाक्यांवर चढल्या होत्या, म्हणून जुनी प्रत उघडूनही आठ दिवसांचे काम पावत्यांवरून पुन्हा करावे लागले.

घाईतला: मग फाइलला पासवर्ड लावा, प्रश्न मिटला. शिवाय ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये कोणी काय बदलले ते दिसतेच.

जुना हिशेबनीस: पासवर्ड बाहेरच्याला अडवतो, मदतनिसांना तो ठाऊकच असतो. बदलाचा इतिहास मिळतो हे बरोबर, पण प्रत्येकाचे खाते वेगळे असेल तरच. तिघे एकाच खात्यातून लिहीत असतील, तर प्रत्येक बदलावर एकच नाव येईल. स्प्रेडशीटच ठेवायची असेल, तर बाकी हाताने लिहू नका. तारीख, गिऱ्हाईक क्रमांक, लिहिणारा, उधारीची रक्कम आणि जमा रक्कम अशी प्रत्येक व्यवहाराची ओळ याच क्रमाने A ते E स्तंभांत लिहा आणि बाकी सूत्राने काढा. सतरा क्रमांकाच्या गिऱ्हाइकासाठी:

```
=SUMIFS(D:D,B:B,17)-SUMIFS(E:E,B:B,17)
```

नवी दुकानदार: माझा तर माल किती उरला हेच कळत नाही. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

जुना हिशेबनीस: तो मालसाठ्याचा प्रश्न आहे, येथे उधारीचे चालले आहे. मात्र सॉफ्टवेअर घेण्याआधी एक चाचणी दोघींनीही करावी. मदतनिसाच्या खात्यातून एक खोटी जमा नोंदवावी, दुसऱ्या दिवशी तिचा आकडा बदलावा आणि मग पुसून टाकावी. जुना आकडा, बदलणारा आणि वेळ मालकाला दिसत नसेल, तर त्या सॉफ्टवेअरपेक्षा वही बरी.

वहीनिष्ठ: आणि गर्दीत पैसे घेतले, पण नोंदच केली नाही तर?

जुना हिशेबनीस: ते कोणतेही सॉफ्टवेअर पकडणार नाही. जमा होताच अनुक्रमांक छापलेली पावती फाडायची आणि रात्री स्थळप्रती नोंदींशी ताडायच्या, एवढाच उपाय मला सापडला आहे.

वहीनिष्ठ: म्हणजे कागद सुटला नाहीच. मी वहीवरच राहीन.